दीड टन, थ्री स्टार: पण कोणता?

दुकानात दोन एसी शेजारी शेजारी लावलेले असतात. दोन्ही स्प्लिट, दोन्ही इन्व्हर्टर, दोन्ही ‘दीड टन, थ्री स्टार’. एकाच्या लेबलवर वर्षाला ९०० युनिट लिहिलेले, दुसऱ्यावर ९२६. विक्रेता पहिल्याकडे बोट दाखवतो, ‘हा कमी वीज खातो.’ बहुतेक गिऱ्हाइकं तिथंच ठरवून टाकतात. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशा जोड्या बाजारात सहज सापडतात.)

लेबलवर आणखी दोन आकडे असतात आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. पहिला, थंड करण्याची क्षमता, वॉटमध्ये. दुसरा आयएसईईआर. आपल्या जोडीतल्या पहिल्या यंत्राची क्षमता ४७०० वॉट आणि आयएसईईआर ४.०, दुसऱ्याची क्षमता ५२०० वॉट आणि आयएसईईआर ४.३. एक टन म्हणजे सुमारे ३५१७ वॉट, त्या हिशेबानं दीड टन ५२७५ वॉटच्या आसपास यायला हवा. पण ‘दीड टन’ हे दुकानातलं ढोबळ नाव आहे आणि ते बऱ्याच कमी क्षमतेच्या यंत्रांनाही चिकटवलं जातं. म्हणजे पहिलं यंत्र वीज कमी खातं, कारण ते कामच कमी करतं.

आयएसईईआर म्हणजे हंगामी कार्यक्षमतेचा भारतीय आकडा. एका ठरावीक हंगामात यंत्रानं खोलीतून एकूण किती उष्णता बाहेर काढली, त्याला त्यासाठी लागलेल्या एकूण विजेनं भागायचं. त्यामुळे लेबलवरचे आयएसईईआर आणि वार्षिक युनिट यांचा गुणाकार केला की उष्णतेचं एकूण काम हाती येतं. पहिल्याचं ३६०० युनिट, दुसऱ्याचं सुमारे ३९८०. दुसरं यंत्र २६ युनिट जास्त घेऊन जवळजवळ ३८० युनिटइतकी जास्त उष्णता उपसतं. युनिटचा आकडा मोठा असला तरी काटकसरी तेच. हा गुणाकार मोबाईलवर अर्ध्या मिनिटात होतो.

तारे याच आयएसईईआरवरून ठरतात, आणि ते ठरवतं केंद्राचं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो. जुलै २०२२पासून लागू झालेल्या तक्त्यात स्प्लिट एसीला ३.८०पासून ४.३९पर्यंत तीन तारे, ४.४०ला चार आणि ५.००पासून पाच होते. तीन ताऱ्यांच्या या पट्ट्यात किती जागा आहे ते बघा. ३.८० आणि ४.३९ यांच्या विजेत तेरा-चौदा टक्क्यांचा फरक पडतो, तरी तारे सारखेच. उलट ४.३९ आणि ४.४० यांच्यात फरक नावापुरता, पण एका ताऱ्याचा आणि कदाचित काही हजार रुपयांचा. म्हणून तारे बघून गट निवडावा, आणि गटातली निवड दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर करावी.

विंडो एसीचा तक्ता वेगळा आहे, हे तर विक्रेतेही सांगत नाहीत. त्याच काळात विंडोला ३.५०वरच पाच तारे मिळत होते, आणि स्प्लिटला त्याच ३.५०वर दोन. पाच तारे मिरवणारा विंडो एसी तीन ताऱ्यांच्या स्प्लिटपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. भिंतीची किंवा सोसायटीच्या नियमांची अडचण असेल तर विंडो जरूर घ्या, पण ताऱ्यांच्या भरवशावर नको.

शिवाय तक्ता दर काही वर्षांनी कडक होतो. २०१८च्या तक्त्यात ४.५०ला पाच तारे होते. २०२२मध्ये त्याच यंत्राला चार उरले. जानेवारी २०२६पासून पट्ट्या पुन्हा वर सरकल्या. त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मालाचे पाच तारे आणि नव्या मालाचे चार तारे एकाच तोलाचे असू शकतात. लेबलवर त्याच्या वैधतेचा काळ छापलेला असतो, तो आधी वाचावा. आयएसईईआर मात्र तक्ता बदलला तरी तोच राहतो.

आता पैशांकडे येऊ. लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा, ५००० वॉटचे दोन एसी आहेत, एकाचा आयएसईईआर ३.८, दुसऱ्याचा ५.०. पहिल्याला वर्षाला सुमारे १००८ युनिट लागतील, दुसऱ्याला ७६६. फरक २४२ युनिट. किमतीतला फरक ९००० रुपये धरू. विजेचा दर धरताना बिलाची सरासरी घेऊ नये. एसीची युनिटं महिन्याच्या एकूण वापरावर चढतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. इथं १२ रुपये धरतो.

मुंबईत वर्षाचे २४० दिवस रोज आठ तास एसी चालत असेल तर १९२० तास होतात. बचत सुमारे २९० युनिट, म्हणजे जवळजवळ ३५०० रुपये. तीन वर्षांच्या आत महागडा एसी वसूल. नाशिकच्या घरात मात्र एप्रिल-मे असे साठच दिवस, तेही झोपण्यापुरता आठ तास चालत असेल, तर ४८० तास. बचत ७३ युनिट, ८७६ रुपये. वसुलीला दहा वर्षं लागतील, आणि रात्री बाहेरची हवा उतरलेली असल्यामुळे प्रत्यक्षातली बचत त्याहूनही कमीच. नाशिककरानं चांगल्या आयएसईईआरचा थ्री स्टार घ्यावा, असं माझं सरळ मत आहे.

पण हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे. आयएसईईआर काढताना बाहेर २४ ते ४३ अंश तापमान असलेले तास धरतात. ३५ अंशांना यंत्र पूर्ण जोर लावतं आणि त्याखाली कमी जोरावर चालतं, असं मानलं जातं. त्यातले बरेच तास कमी जोराचे असतात, आणि इन्व्हर्टरची खरी कमाई तिथंच होते. कॉम्प्रेसर संथ फिरतो, उष्णता सोडणारं बाहेरचं जाळं मात्र तेवढंच मोठं राहतं, आणि प्रत्येक युनिटमागे जास्त उष्णता बाहेर पडते. म्हणूनच लेबलवर पूर्ण आणि निम्म्या अशा दोन्ही क्षमता छापतात.

याचा अर्थ, खोलीच्या मानानं लहान एसी घेतला तर तो सतत पूर्ण जोरावर धावेल आणि लेबलवरचा ५.० कधी दिसणारच नाही. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली हे हमखास घडतं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ला टेकतो तेव्हा तर लेबलच्या हिशेबातले अंशही संपलेले असतात. त्या दुपारी यंत्राची क्षमता उतरते आणि वीज चढते. तिथल्या गिऱ्हाइकानं माहितीपत्रकातून आणखी एक भागाकार करावा: पूर्ण क्षमतेचे वॉट भागिले पूर्ण जोराला लागणाऱ्या विजेचे वॉट. ५००० वॉट थंडाव्यासाठी १५०० वॉट लागत असतील तर उत्तर ३.३ येतं. दोन फाइव्ह स्टार एसींमध्ये हे उत्तर ज्याचं मोठं, तो विदर्भातल्या मे महिन्यासाठी बरा. माहितीपत्रकात तो आकडा नसेल तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक सांगून दुकानदाराकडून तांत्रिक तक्ता मागवून घ्यावा.