सिनेमाच्या मध्यंतरातली परीक्षा

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या खेड्यांमध्ये एक फुकटचा सिनेमा दाखवला जात होता. लहानमोठे सगळे जमायचे, आणि मध्यंतरात त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका दिली जायची. हॅरॉल्ड जोन्स आणि हर्बर्ट कॉनरॅड या मानसशास्त्रज्ञांनी लोक जमवण्यासाठी काढलेली ही युक्ती होती. प्रश्नपत्रिका होती ‘आर्मी अल्फा’ नावाची बुद्धिचाचणी. पहिल्या महायुद्धात सैनिकांची निवड करण्यासाठी ती तयार झाली होती. जे सिनेमाला आले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्यांची परीक्षा घेतली गेली. दहा ते साठ वर्षांच्या सुमारे १२०० लोकांचे गुण असे गोळा झाले.

१९३३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराश करणारा होता. गुण सोळाव्या वर्षापर्यंत झपाट्याने वाढत होते, अठरा ते एकविसाच्या दरम्यान कळस गाठत होते आणि पुढे हळूहळू उतरत होते. पंचावन्न वर्षांच्या माणसाचे सरासरी गुण चौदा वर्षांच्या मुलाइतके भरत होते. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान तेवढे टिकून राहत होते.

यानंतर वीस वर्षांनी, १९५३ मध्ये, विल्यम ओवेन्स यांनी नेमके उलटे चित्र मांडले, आणि तेही याच आर्मी अल्फा चाचणीवरून. आयोवा स्टेट कॉलेजात १९१९ साली दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवलेल्या होत्या. ओवेन्स यांनी त्यांतल्या १२७ जणांना शोधून काढले आणि पन्नाशीला आलेल्या त्या माणसांना तीच परीक्षा पुन्हा दिली. त्यांचे एकूण गुण घसरले नव्हते, उलट वाढले होते.

चाचणी एक आणि देशही एक, मग पन्नाशीतला माणूस एका अभ्यासात उतरणीला लागलेला आणि दुसऱ्यात चढणीवर कसा दिसतो? उत्तर लोकांच्या मेंदूत नव्हते, मोजण्याच्या रीतीत होते.

जोन्स आणि कॉनरॅड यांची रीत आडव्या छेदाची होती. एकाच काळी वेगवेगळ्या वयांची माणसे तपासायची आणि त्यांच्या गुणांतल्या फरकाला वयाचा परिणाम मानायचे. काम लवकर आटोपते, खर्च कमी येतो. पण पंचावन्न वर्षांचा शेतकरी आणि वीस वर्षांचा तरुण यांच्यात फक्त पस्तीस वर्षांचे अंतर नसते. तो शेतकरी १८७० च्या आसपास जन्मलेला होता. त्याच्या पिढीत हायस्कूल पुरे करणारे विरळा असत. १९१० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या दर दहा तरुणांपैकी जेमतेम एक हायस्कूल पास होत होता. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेले. ज्या तरुणाने वर्गात बसून अशा लेखी परीक्षा अनेकदा दिल्या आहेत, तो त्यात पुढे राहणारच. एका काळात जन्मून एकसारख्या परिस्थितीत वाढलेल्या लोकांचा हा ठसा अभ्यासक ‘कोहॉर्ट परिणाम’ म्हणून ओळखतात. मराठीत त्याला जन्मगटाचा परिणाम म्हणता येईल. आडव्या छेदात तो वयाच्या परिणामात असा मिसळून जातो की दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

ओवेन्स यांची रीत उभ्या पाठपुराव्याची होती. तीच माणसे, तीच चाचणी, मध्ये तीस वर्षे. इथे माणसाची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे जन्मगटाचा प्रश्न उरत नाही. पण हे सगळे एकाच पिढीतले, कॉलेजात शिकलेले पुरुष होते. शिवाय ज्यांचा पत्ता लागला आणि जे पुन्हा परीक्षेला बसायला तयार झाले, तेवढ्यांचेच गुण त्यात आले. बाकीच्यांचे काय झाले असते, याबद्दल तो आकडा गप्प होता.

या विसंगतीने वॉर्नर शाय या तरुण संशोधकाला पछाडले. शाय जर्मनीत जन्मलेले ज्यू होते. नाझींच्या काळात त्यांच्या कुटुंबाने शांघायमध्ये आसरा घेतला, आणि तिथून ते अमेरिकेत पोहोचले. १९५६ साली त्यांनी सिएटलमध्ये पीएचडीसाठी ५०० लोकांची चाचणी घेतली. विशीपासून सत्तरीपर्यंतचे हे लोक एका आरोग्य सहकारी संस्थेच्या सभासदांमधून निवडलेले होते आणि प्रत्येक पाच वर्षांच्या वयोगटात २५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. शब्दार्थ, अवकाशाची समज, तर्क, आकडेमोड आणि शब्दांचा ओघ अशा पाच क्षमता तपासल्या गेल्या. निकाल जोन्स-कॉनरॅड यांच्यासारखाच आला. जास्त वय, कमी गुण.

तिथे थांबायचे नाही, असे शाय यांनी ठरवले. सात वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांनी जुन्या लोकांना पुन्हा बोलावले. सुमारे ३०० जण आले. त्याच वेळी त्याच संस्थेच्या सभासदांमधून जवळजवळ हजार नवे लोक त्यांनी घेतले. पुढे दर सात वर्षांनी हेच केले: जुन्यांना परत बोलवायचे आणि नवे लोक सामील करून घ्यायचे.

या रचनेचे बळ एका उदाहरणाने कळेल. १९०३ साली जन्मलेली माणसे घ्या. १९५६ मध्ये ती ५३ वर्षांची होती, १९६३ मध्ये ६०. त्याच माणसांचे दोन वेळचे गुण जुळवले की वयाने काय घडले ते दिसते. मग १९१० साली जन्मलेल्यांकडे वळायचे. ते १९६३ मध्ये ५३ वर्षांचे झाले. १९५६ चे ५३ वर्षांचे आणि १९६३ चे ५३ वर्षांचे, या दोघांत वयाचा फरक शून्य आहे. तरीही गुण वेगळे निघाले, तर त्याचे कारण वय नक्कीच नाही. ते जन्मगटात असेल, नाहीतर मधल्या सात वर्षांत समाजात जे बदलले त्यात.

शाय यांना असे फरक मिळाले, आणि ते मोठे होते. तर्क आणि शब्दार्थ या क्षमतांत पुढची प्रत्येक पिढी त्याच वयाच्या आधीच्या पिढीपेक्षा सरस ठरत गेली. त्याच व्यक्तींचा माग काढल्यावर बहुतेक क्षमता चाळिशीपर्यंत वाढताना आणि साठीपर्यंत टिकताना दिसल्या. ठळक घसरण साठीनंतरची होती. फक्त झटपट काम उरकण्याचा वेग तरुणपणापासूनच मंदावत होता.

जन्मगट नेहमी तरुणांच्याच बाजूने झुकतो असे मात्र नाही. आकडेमोडीत १९२४ च्या आसपास जन्मलेल्यांनी कळस गाठला, आणि त्यांच्यानंतरच्या पिढ्या मागे पडत गेल्या. इथे आडवा छेद घेतला, तर वयस्कर माणसे उगाच बरी दिसतात आणि वयाने झालेली खरी घट झाकली जाते. तीच रीत एका क्षमतेत घसरण फुगवते आणि दुसऱ्या क्षमतेत लपवते.

पाठपुराव्याचा मोठा शत्रू म्हणजे गळती. ५०० पैकी सुमारे २०० जण सात वर्षांतच सुटले. कोणी गाव सोडले, कोणी आजारी पडले, कोणी वारले, कोणाला रस उरला नाही. गळती कोणाचीही सारखीच होत असती, तर फारसे बिघडले नसते. पण शाय यांनी परत आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे पहिल्या वेळचे गुण शेजारी मांडले, तेव्हा न आलेल्यांचे गुण मुळातच कमी होते.

याने काय होते ते छोट्या हिशेबात पाहू. समजा दहा माणसे आहेत. पाच जणांना ६० गुण, पाच जणांना ४०. सरासरी ५०. सात वर्षांत प्रत्येकाचे चार गुण कमी झाले. परत आली सातच माणसे: ६० वाले पाचही, ४० वाले दोन. आता पाच जणांना ५६ आहेत आणि दोघांना ३६. बेरीज ३५२, सरासरी ५०.३. प्रत्येक माणूस चार गुणांनी उतरला, आणि सरासरी मात्र वाढली.

ही फसगत पकडायची तर आधीच्या दहांऐवजी परत आलेल्या सातांचीच पहिली सरासरी काढायची. ती भरते ५४.३, आणि चार गुणांची घट समोर येते. पण हा उपाय अर्धाच आहे. ज्यांची घसरण सर्वांत जास्त झाली तेच आले नाहीत असे असेल, तर उरलेल्यांच्या तुलनेत ती घसरण दिसणारच नाही. म्हातारपणीच्या अभ्यासात ही शक्यता खरी असते. मृत्यूच्या आधीच्या काही वर्षांत गुण झपाट्याने खाली येतात, असे रॉबर्ट क्लीमायर यांनी १९६२ मध्ये दाखवले होते.

म्हणून शाय यांचे नवे लोक कामी आले. १९०३ साली जन्मलेले, पण १९६३ मध्ये पहिल्यांदाच चाचणीला बसलेले. त्यांच्यात आधीच्या फेरीतली गळती नाही, शिवाय एकदा परीक्षा दिल्याने हाताला झालेला सरावही नाही. अशा नव्या लोकांच्या गुणांत पाठपुराव्यापेक्षा जास्त घट दिसते. जॉन हॉर्न आणि गॅरी डोनाल्डसन यांनी १९७६ मध्ये नेमका इथेच हल्ला चढवला. शाय आणि त्यांचे सहकारी पॉल बाल्टेस वयाने होणारी घट कमी लेखतात, टिकून राहिलेल्या निवडक माणसांवरून गुलाबी चित्र काढतात, असा त्यांचा आक्षेप होता. वाद बराच रंगला. साठीनंतर घट होते हे दोन्ही बाजूंना मान्य होते. ती कधी सुरू होते आणि किती मोठी असते, याबद्दल मतभेद होते.

शाय यांच्या रचनेलाही न सुटणारी एक गाठ आहे. तपासणीच्या सालातून जन्मसाल वजा केले की वय मिळते. तिन्हींपैकी दोन ठरली की तिसरे आपोआप ठरते, त्यामुळे वय, जन्मगट आणि काळ यांचे परिणाम निव्वळ गणिताने पूर्ण वेगळे करता येत नाहीत. एकच जन्मगट असेल, तर ही गाठ आणखी घट्ट बसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात जवळच्या सहा खेड्यांतली, १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेली मुले गर्भात असल्यापासून मोठी होईपर्यंत पाहिली गेली. आईच्या आहाराचा मुलाच्या वाढीशी असलेला संबंध शोधायला हीच रीत योग्य. पण ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत गावेही बदलली. त्यांच्यात दिसणारा बदल वयाचा किती आणि बदलत्या गावाचा किती, हे एवढ्या एकाच गटावरून सांगता येत नाही.

सिएटलमध्ये १९८९ पासून शाय आणि शेरी विलिस यांनी जुन्या सहभागींची मोठी झालेली मुले आणि भावंडेही चाचणीला बोलावली. अनेक वर्षांपूर्वी आईवडिलांनी सोडवलेल्या त्याच पाच भागांची प्रश्नपत्रिका आता मुलांच्या हातात आली, आणि आईवडिलांनी कोणत्या वयात किती गुण मिळवले होते ते कागदोपत्री तयार होते. पिढीचा फरक आता एकाच घरातल्या दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून मोजता येऊ लागला.