पुढचा दात तुटला, तर बाँडिंग की व्हिनिअर?

वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला आहे, बाकी दात शाबूत आहे, अशा वेळी मी आधी बाँडिंगच सुचवेन. यात दात जवळजवळ कोरावा लागत नाही. तुटलेली कड थोडी उतरती करतात, इनॅमलवर अर्धा मिनिट ॲसिडचे जेल लावून धुतात, चिकटद्रव्य लावतात आणि दाताच्या रंगाचे काँपोझिट थराथराने चढवून निळ्या प्रकाशाने कडक करतात. बहुधा एका बैठकीत आणि भूल न देता काम होते. हे साधारण चार ते आठ वर्षे टिकते. चहा-तंबाखूने त्यावर डाग चढतात, कड झिजते; पण तेवढाच भाग पुन्हा भरता येतो.

पोर्सेलिनच्या व्हिनिअरसाठी दाताचा दर्शनी भाग साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो. इनॅमल पुन्हा येत नाही, म्हणून त्या दातावर पुढे कायम काही ना काही आवरण लागतेच. घासणे इनॅमलपुरते राहिले तर पकड उत्तम बसते आणि व्हिनिअर दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त टिकते. खालच्या डेंटिनपर्यंत गेले, तर ते सुटण्याचा धोका वाढतो. किती घासणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

डागांचे गणित वेगळे आहे. फ्लोरोसिसचे किंवा टेट्रासायक्लिनचे गडद डाग काँपोझिटच्या पातळ थरातून डोकावतात. तिथे व्हिनिअर सरस. आधी ब्लीचिंग केले असेल, तर चिकटवण्यापूर्वी दोनेक आठवडे थांबावे, नाहीतर पकड कच्ची राहते. रात्री दात खाणाऱ्यांचे दोन्ही तुटू शकते. त्यांनी झोपताना नाइट गार्ड वापरावा.