फोटोतल्या डोक्यावर फेटा बसतो तो कसा?

गावातले मुख्याध्यापक निवृत्त होतात. सत्काराचा दहा फुटी फ्लेक्स ठरतो, आणि फोटो हाती येतो तो मोबाइलवर काढलेला. गुरुजी बोडक्या डोक्याने बसलेले, हनुवटी किंचित वर, मान थोडी डावीकडे वळलेली, उजव्या बाजूच्या खिडकीतून उजेड येतोय. मंडळींचं म्हणणं असतं, ‘गुरुजींना फेटा घाला आणि खांद्यावर शाल द्या.’ डिझायनरकडे फेट्यांचे तयार कटआउट असतात. एक उचलायचा, डोक्यावर ठेवायचा, झालं! पण ठेवून बघा. फेटा डोक्यावर बसत नाही, डोक्यासमोर तरंगतो. फेटा खरा, डोकंही खरं, मग दोन्ही मिळून खोटं का दिसतं?

उत्तर शोधायला आधी खरा फेटा पाहू. ते एक लांबलचक, सपाट, चौकोनी कापड असतं आणि डोकं असतं गोल. सपाट वस्तू गोलावर घट्ट बसवायची तर एक गणिती अडचण आडवी येते. ती कार्ल फ्रीडरिश गाउसने 1827 मध्ये सिद्ध करून ठेवली आहे: सपाट पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय गोलावर चपखल बसूच शकत नाही. उकडीचा मोदक आठवा. सपाट पारी गोल करायची तर कडेला जास्तीची उकड उरते आणि तिला कळ्या पाडाव्या लागतात. फेट्याच्या चुण्या म्हणजे त्याच कळ्या! कापड जिथे जास्तीचं ठरतं तिथे ते दुमडतं, आणि ते कुठे जास्तीचं ठरणार हे डोक्याचा आकार ठरवतो. म्हणजे फेट्याच्या प्रत्येक चुणीत त्या डोक्याचा नकाशा असतो, आणि कटआउटमधल्या चुण्यांत दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्याचा. डोळ्याला खटकतं ते हेच.

डोळ्याला सगळ्यात आधी खटकते ती कपाळावरची कड. फेट्याचा कपाळाला टेकलेला काठ हे डोक्याभोवतीचं एक वर्तुळ आहे असं समजू. प्रत्यक्षात तो थोडा तिरका बांधलेला असतो, पण मुद्दा तोच राहतो. वर्तुळ तिरप्या नजरेनं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं आणि आपल्याला त्याचा फक्त पुढचा अर्धा भाग दिसतो. कॅमेरा खाली असेल किंवा माणसाने हनुवटी वर केली असेल, तर हा पुढचा भाग कमानीसारखा वर उचललेला दिसतो. कॅमेरा वरून असेल किंवा मान खाली असेल, तर तोच भाग मधोमध खाली झुकतो. गुरुजींची हनुवटी वर आहे, म्हणजे कमान वरच्या दिशेलाच हवी. कटआउट मात्र मान खाली घातलेल्या नवरदेवाच्या फोटोतून कापलेला असेल, तर त्याची कड नेमकी उलटी वाकलेली असणार. ही खूण तपासायची युक्ती तर फारच सोपी आहे: नाकपुड्या पाहा. नाकपुड्या स्पष्ट दिसत असतील तर आपण चेहऱ्याकडे खालून पाहतोय, आणि फेट्याची कड वर उचललेली दिसलीच पाहिजे.

आता ही कड वाकवायची कशी? फोटोशॉपमध्ये Edit > Transform > Warp असा एक पर्याय आहे. 2005 मध्ये आलेल्या सीएस2 आवृत्तीपासून तो मिळतो. तो निवडला की फेट्यावर तीन बाय तीन खणांची जाळी पसरते. तिच्या मागे एकूण सोळा नियंत्रक बिंदू काम करतात: चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन-दोन मुठी आणि आतले चार. चित्रातला प्रत्येक ठिपका या सोळा बिंदूंचं मिश्रण असतो. जवळच्या बिंदूचा त्यावर जास्त हक्क, लांबच्याचा कमी. म्हणून एक मूठ ओढली की तिच्या जवळचं कापड जास्त सरकतं, लांबचं हळूहळू कमी, आणि मध्ये कुठेही टोक उमटत नाही.

आणि हे गणित आलं कुठून? मोटारींच्या कारखान्यातून! गाडीचा पत्रा गुळगुळीत वळवायचा तर त्याचा आकार आकड्यांत सांगावा लागतो. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्टेलजो यांनी 1959 च्या सुमारास त्याची रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी 1960 च्या दशकात स्वतंत्रपणे तिथवर मजल मारली आणि ती प्रसिद्ध केली, म्हणून आज या वक्रांना बेझिए यांचं नाव आहे. फ्रेंच गाडीच्या बॉनेटला वळण देणारं समीकरणच आपल्या गुरुजींच्या कपाळावर फेट्याची कमान धरतं. हे कळल्यावर फ्लेक्सच्या दुकानातला संगणक मला वेगळाच दिसायला लागला.

प्रत्यक्ष काम असं चालतं. आधी फेटा फिरवून त्याची बैठक गुरुजींच्या दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेशी समांतर करायची. मग कड भुवयांच्या वर, एक-दोन बोटांच्या अंतरावर आणायची आणि बाजूंनी कानांच्या वरच्या टोकांपर्यंत उतरवायची. फेटा कवटीपेक्षा सगळीकडून मोठा असायला हवा, कारण खऱ्या फेट्यात कापडाचे अनेक थर असतात. तो डोक्याच्या बरोबरीचा केला की टोपी वाटते. कडेबाहेर डोकावणारे केस पुसायचे, पण कानाजवळचे कल्ले मात्र ठेवायचे, कारण फेटा बांधल्यावरही ते दिसतात. त्यानंतर जाळीच्या खालच्या ओळीतल्या मधल्या मुठी वर ओढून कमान धरायची.

मग येते मान वळल्याची अडचण. गुरुजींचा चेहरा एका बाजूला वळलाय, म्हणजे डोक्याची एक बाजू आपल्यापासून दूर गेली. दूर जाणाऱ्या बाजूवरच्या चुण्या अरुंद दिसतात, आणि किती अरुंद हेही ठरलेलं आहे: समोरून 60 अंश वळलेल्या जागची चुणी बरोबर निम्म्या रुंदीची दिसते. कडेपाशी तर चुण्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून त्या बाजूचा फेटा आत दाबायचा, पण एकसारखा नाही. कडेकडे जास्त, मध्याकडे कमी. हे जमलं की सपाट चित्र अचानक गोल होतं. पडद्यावर तो क्षण पाहण्यासारखा असतो.

इथे या साधनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. कापड दुमडतं, ते फारसं ताणत नाही. वार्प मात्र चित्र ताणतं. जास्त ओढलं की चुण्या फुगतात आणि जरीचा काठ एका ठिकाणी रुंद, दुसऱ्या ठिकाणी बारीक होतो. खऱ्या फेट्यात काठाची रुंदी अशी बदलत नाही. ती बदललेली दिसली की ओढाताण पुरे, दुसरा कटआउट शोधायचा. वरचा तुरा आणि मागे सुटलेला शेमला वेगळ्या लेयरवर ठेवून स्वतंत्र वळवले तर बराच निभाव लागतो. पुणेरी पगडी असेल तर ती वाकवूच नये. ती घडवलेली, ताठ वस्तू आहे. ती फिरवायची, लहान-मोठी करायची, पण तिला वळण दिलं की ती ओली झाल्यासारखी दिसते.

आकार जमला तरी फेटा अजून टेकलेला नसतो. त्याला टेकवते सावली. कडेच्या अगदी खाली एक बारीक, गडद रेघ हवी, कारण त्या फटीत उजेड शिरतच नाही. तिच्याखाली पसरट, मऊ सावली, आणि ती खिडकीच्या विरुद्ध बाजूला जास्त. त्यासाठी लेयरची मिसळण Multiply वर ठेवतात. नावाप्रमाणे तो खरंच गुणाकार करतो. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे एक. त्वचेची उजळता 0.8 आणि सावलीची 0.5 असेल तर उत्तर 0.4. त्वचेचे बारकावे तसेच राहतात, फक्त सगळं प्रमाणात मंदावतं. खरी सावलीही जवळपास हेच करते! सावलीचा रंग निव्वळ काळा घेऊ नये, तपकिरी घ्यावा. फेटा केशरी असेल तर त्याची पुसटशी झाक कपाळावरही पडते. ती दिली की काम फत्ते.

शालीचं गणित निराळं. डोक्याने फेट्याला आकार दिला, शालीला आकार देतं तिचं स्वतःचं वजन. ती खांद्यांच्या उंचवट्यांवर टांगलेली असते. चुण्या तिथून सुटतात आणि खाली सरळ उतरतात. एक खांदा खाली असेल तर त्या बाजूची चुणी खालून सुरू व्हायला हवी. इथे Edit > Puppet Warp कामी येतो: दोन्ही खांद्यांवर आणि मानेजवळ टाचण्या ठेवायच्या आणि फक्त खांद्याची टाचणी हलवायची.

शाल साधी असेल आणि तिच्यावर काठ किंवा बुट्टी बसवायची असेल, तर आणखी एक चमत्कार हाताशी आहे: Filter > Distort > Displace. शालीच्या उजेड-सावलीची एक करडी प्रत वेगळ्या फाइलमध्ये PSD म्हणून ठेवायची आणि ती या फिल्टरला नकाशा म्हणून द्यायची. नकाशात जिथे करड्याचं मूल्य 128 असेल तिथे नक्षी हलत नाही. त्याहून गडद जागी ती एका दिशेला सरकते, उजळ जागी उलट दिशेला. प्रमाण 100 ठेवलं तर जास्तीत जास्त 128 पिक्सेल, 10 ठेवलं तर सुमारे 13. चुणीच्या खोलगटात अंधार असतो आणि उंचवट्यावर उजेड, म्हणून नक्षी आपोआप चुण्यांबरोबर मोडते. नकाशा आधी थोडा धूसर करावा लागतो, नाहीतर विणीचा प्रत्येक धागा नक्षीला हिसका देतो. खरं तर उजळपणा पृष्ठभागाचा उतार सांगतो, उंची नाही, त्यामुळे हा नकाशा अंदाजे आहे. पण सत्काराच्या शालीवर तेवढ्याने डोळा फसतो.

शेवटची गफलत मापाची. दहा फुटी फ्लेक्स इंचाला 72 पिक्सेलने केला तर रुंदी 8640 पिक्सेल होते. त्यात फेट्यासह डोकं दोन फुटांचं ठेवलं तर त्याला 1728 पिक्सेल लागतात. इंटरनेटवरून उतरवलेला 600 पिक्सेलचा फेटा तिथे जवळपास तिप्पट फुगतो, आणि चेहरा स्पष्ट, फेटा मेणचट असं दिसतं. म्हणून चुण्यांवर तास घालवण्याआधी कटआउटची मापं पाहा. आणि गुरुजी जवळच राहत असतील तर एवढं कराच: त्यांना विचारून खरा फेटा बांधा, खिडकीपाशी बसवा आणि नवा फोटो काढा. त्याच्यापुढे सोळा बिंदूंची जाळी कायम दुय्यमच राहील.