गमबूट, सेफ्टी शूज की रायडिंग बूट? भंडारदऱ्याच्या पावसातली रोजची बाईक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

भंडारदऱ्याजवळच्या शेंडीतून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो रोज बाईकने राजूरला कामाला जातो. आवणीचे दिवस, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणलेला. समोर म्हशी आल्या म्हणून हा थांबला, डावा पाय टेकवला आणि पाय सटकला. गाडीचा वेग जवळजवळ शून्य. पण गाडी डावीकडे कलंडली आणि घोटा फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यामध्ये सापडला. पायात गमबूट होता. सहा आठवडे प्लास्टर! त्याचा प्रश्न साधा आहे: "दादा, बूट कोणता घेऊ?"

आधी घोट्याचं बघू. गमबूट पाणी अडवतो, पण तो म्हणजे रबराची मऊ नळी. आत पाय फिरतो आणि वरून वजन आलं की बूट चपटा होतो. रायडिंग बुटांसाठी युरोपात ईएन १३६३४ नावाचं मानक आहे. त्यात बूट दोन्ही बाजूंनी दाबून तो किती चेपतो हेसुद्धा तपासतात. कारण गाडी पायावर पडते तेव्हा नेमकं हेच होतं. लेबलवर आयपीए ही अक्षरं असतील, तर घोट्याच्या संरक्षणाची वेगळी चाचणी झालेली आहे.

दुकानात तुम्ही स्वतः तीन गोष्टी करा. बूट घोट्याच्या हाडाच्या वर तीन-चार बोटं तरी येतो का बघा. हाडाच्या दोन्ही बाजूंना अंगठा दाबा, आत कडक वाटी लागली पाहिजे. मग एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून बूट पिळा. फडक्यासारखा पिळला गेला तर ठेवून द्या. बजेट कमी असेल तर घोटा झाकणारे, लेसवाले सेफ्टी शूज गमबुटापेक्षा बरे. पण घोट्याला कडक वाटी त्यात सहसा नसते, हे लक्षात ठेवा.

आता गिअर. पहिला खाली आणि बाकीचे वर, अशी गाडी असेल तर दर वेळी डाव्या बुटाचा वरचा भाग लिव्हरला घासतो. आधी कातडं नाही, शिवणीचा दोरा तुटतो. तिथूनच पाणी आत शिरतं आणि आपल्याकडे पाऊस महिनोन् महिने असतो. म्हणून लिव्हर लागते त्या जागी शिवण नसलेला, वर जादा पट्टी असलेला बूट घ्या. दोरा विसविशीत दिसायला लागला की लगेच मोचीकडून वर चामड्याचा तुकडा लावून घ्या. लिव्हरचं रबर झिजून लोखंड उघडं पडलं असेल तर तेही बदला, स्वस्तात होतं.

स्प्लेंडरसारख्या गाडीत सगळे गिअर पुढे दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. तिथे वरचा भाग वाचतो, तळ झिजतो.

जाड टोकाचा बूट लिव्हरखाली जात नसेल तर बूट बदलायची घाई नको. लिव्हर दातेरी शाफ्टवर बसलेली असते. मेकॅनिककडून बोल्ट सैल करून ती एक दात वर घ्या. टाचेचीही लिव्हर असेल तर ती तेवढीच खाली येते, म्हणून गिअर दोन्हीकडून पडतात का ते उभ्या गाडीवर तपासा.

शेवटी पकड, कारण आपला श्रोता पडला तो इथेच. तळाला नख दाबा. प्लॅस्टिकसारखा टणक तळ ओल्या डांबरावर घसरतो, किंचित दबणारं रबर धरून ठेवतं. घरी फरशीवर पाणी ओता, भिंतीला धरून उभे राहा आणि पाय बाजूला ढकलून बघा. तळाच्या खाचा कडेपर्यंत मोकळ्या हव्यात, म्हणजे चिखल बाहेर पडतो. बंदिस्त खाचांत तो भरला की तळ गुळगुळीतच समजा.

लेसची टोकं बुटाच्या आत खोचा. लेस फूटरेस्टला अडकली तर पाय खाली येतच नाही. आणि थांबताना आधी जागा बघा. रस्ता कडेला उतरता असतो, तिथे शेवाळ आणि चिखल जास्त. चार हात आधी, स्वच्छ डांबरावर थांबा आणि टाच नाही, अख्खं पाऊल टेकवा. कारण चिखलाच्या थरावर कितीही भारी बूट घसरतोच.

तर दादा, तुझ्यासाठी उत्तर: गमबूट शेतात ठेव. रस्त्यावर घोटा झाकणारा, मऊ रबराच्या तळाचा बूट घाल आणि रेनकोटची पँट बुटाच्या वरून सोड, आत नको. ओला झाला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळव. चुलीजवळ ठेवलास तर तळाचा गोंद सुटेल.

तुमच्या डाव्या बुटाची काय अवस्था आहे? बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!