खरेदीची बिले: महिनाभराची लावणी

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला खरेदीवरील जीएसटीची वजावट मिळते ती बिल हाती असल्यावर आणि ते जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसल्यावर. हा तक्ता पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो आणि विवरणपत्राची मुदत २० तारखेला संपते. मधल्या सहा दिवसांत बिले शोधणे अवघडच.

म्हणून बिल आले की त्याच दिवशी ते तपासावे. सर्वांत आधी पाहावा तो दुकानाचा स्वतःचा जीएसटी क्रमांक. तो नसेल तर बिल किरकोळ ग्राहकाच्या नावे नोंदले जाते आणि तक्त्यात येतच नाही. मग पुरवठादारानुसार, तारखेच्या क्रमाने ते फाइलला लावावे.

समजा, रंगाच्या दुकानदाराने २८ जूनला ४०,००० रुपयांचा माल घेतला. १८ टक्क्यांनी कर झाला ७,२०० रुपये. पुरवठादाराने हे बिल जुलैच्या विवरणात दाखवले, तर वजावटही जुलैतच मिळते. असे बिल ‘प्रलंबित’ पाकिटात वेगळे ठेवावे, म्हणजे हिशेबनीस ते जूनमध्ये धरत नाही आणि जुलैत विसरतही नाही. घरखर्चाची बिले मात्र या फाइलमध्ये मिसळू नयेत. त्यांवर वजावट नसते.