तारण आहे, पण कोणाकोणाचे?

दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजेच डीएचएफएल, या मुंबईच्या गृहकर्ज कंपनीने 2018 साली सामान्य लोकांना डिबेंचर विकले. व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास होते, मानांकन सर्वोच्च होते आणि वर तारणही होते. अनेक निवृत्तांनी मुदत ठेवी मोडून त्यात पैसे घातले. जून 2019 मध्ये कंपनीचे हप्ते थकले. तारण असूनही पैसे का अडकले, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

कंपनीला कर्ज हवे असेल तर ती बँकेकडे जाते किंवा डिबेंचर काढून हजारो लोकांकडून ते घेते. कर्ज दोन्हीकडे सारखेच, फरक कर्ज देणाऱ्याच्या ताकदीत असतो. बँक एकटी असते. ती खाते रोज पाहते, मालाचे आणि येण्याचे तक्ते मागवते आणि शंका आली की उरलेली रक्कम देणे थांबवते. डिबेंचरधारक मात्र नागपूरपासून पणजीपर्यंत विखुरलेले. त्यांनी दिलेली रक्कम पहिल्याच दिवशी कंपनीकडे जाते आणि त्यानंतर त्यांच्या हातात काही उरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कायद्याने डिबेंचर ट्रस्टी नेमणे सक्तीचे केले आहे. डिबेंचर जनतेला देऊ केले असतील तर ट्रस्टी लागतोच. ट्रस्टी म्हणजे सेबीकडे नोंदलेली संस्था. तारण धारकाच्या नावाने नव्हे, सर्व धारकांच्या वतीने या संस्थेच्या नावाने असते. ट्रस्ट डीड तीच करते, तारणाची किंमत पुरेशी राहिली आहे ना हे वेळोवेळी तपासते आणि पैसे थकले की वसुलीला उभी राहते. पण ती हमीदार नाही. कंपनीने पैसे बुडवले तर ट्रस्टी आपल्या खिशातून एक रुपयाही देत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, डिबेंचरला तसा काही नसतो.

आता तारणाकडे येऊ. डीएचएफएलसारख्या कंपनीकडे गहाण ठेवायला कारखाना नसतो. कर्जदारांकडून येणारे हप्ते हेच तिचे तारण, आणि त्याच हप्त्यांवर बँकांचाही बोजा असतो. याला पारी पासू बोजा म्हणतात, म्हणजे सगळ्यांचा हक्क कर्जाच्या प्रमाणात सारखा. समजा, एका कंपनीचे येणे 100 कोटी आहे. तिने बँकेकडून 60 कोटी आणि डिबेंचरमधून 40 कोटी घेतले. कागदावर तारण पुरेपूर आहे. पण घरे न बांधणाऱ्या बिल्डरांना कर्जे दिल्यामुळे त्या येण्यातून प्रत्यक्षात 45 कोटीच वसूल झाले, तर बँकेला 27 कोटी आणि डिबेंचरधारकांना 18 कोटी मिळतात. एक लाखाचे 45 हजार. तोच बोजा फक्त बँकेचा असता, तर सगळे 45 कोटी बँकेकडे गेले असते.

डीएचएफएलमध्ये घडले ते याच्या फार वेगळे नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. धनकोंचे दावे सुमारे 87 हजार कोटींचे होते. धनकोंच्या समितीत डिबेंचरधारकांच्या वतीने त्यांचा ट्रस्टी बसला, पण तिथे मत रकमेवर मोजले जाते. दोन लाख गुंतवणाऱ्याचा आवाज म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांच्या गर्दीत ऐकू येणे अवघडच होते, आणि मला तरी हीच या व्यवस्थेतली सगळ्यात बोचणारी बाजू वाटते. सप्टेंबर 2021 मध्ये पिरामल समूहाने कंपनी घेतली. धनकोंना एकूण दाव्यांच्या निम्म्याहून कमी रक्कम मिळाली आणि तिचाही मोठा भाग रोख नव्हता, तर नव्या दहा वर्षांच्या डिबेंचरच्या रूपात होता.

या धक्क्यानंतर 2020 मध्ये सेबीने नियम कडक केले. तारणाची मालमत्ता आधीच इतरत्र गुंतलेली नाही ना, हे ट्रस्टीने डिबेंचर निघण्यापूर्वी तपासून प्रमाणित करायचे. शिवाय कंपनीने शेअर बाजाराकडे एक वसुली निधी ठेवायचा, कारण खटल्याचा खर्च कोणी करायचा यावरच पूर्वी घोडे अडत असे. हा निधी जास्तीत जास्त 25 लाखांचा. मोठ्या खटल्यापुढे ही रक्कम तुटपुंजीच आहे.

डिबेंचर घेण्याआधी माहितीपत्रकातले तारणाचे पान वाचायला अर्धा तास पुरतो. तिथे तीन गोष्टी शोधाव्यात: बोजा फक्त तुमचा आहे की पारी पासू, तारण म्हणून नेमके काय ठेवले आहे आणि त्याच तारणावर आणखी कर्ज काढायची मुभा कंपनीने राखली आहे का. बोज्याची नोंद कंपनी निबंधकाकडे होणे आवश्यक असते. कंपनीवरच्या बोजांची यादी mca.gov.in या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने पाहता येते. यादीत त्याच येण्यावर बँकांचे बोजे एकाखाली एक दिसले, तर वसुलीच्या दिवशी तुमच्या शेजारी कोण बसणार, ते तिथेच कळते.