न दिसणारी अक्षरं मोजायची कशी?

पांढऱ्या स्लाइडवर केशरी शीर्षक आपल्या सभा-समारंभांत हटकून दिसतं. लॅपटॉपवर ते खुलूनही दिसतं. पण मोजायला गेलं, तर #FF9933 या केशरी रंगाचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१३ भरतो. ‘डब्ल्यूसीएजी’ या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांच्या मधल्या, म्हणजे ‘एए’ पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ हवा असतो. म्हणजे हे शीर्षक कितीही मोठं केलं तरी नापासच. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतली, तर आकडा ९.८६ वर जातो.

हिशोब सोपा आहे. दोन्ही रंगांची तेजस्विता काढायची; काळ्याची ० आणि पांढऱ्याची १. ती काढताना हिरव्याचा वाटा सर्वाधिक आणि निळ्याचा सर्वांत कमी धरतात, कारण आपल्या डोळ्यांचा कल तसाच आहे. मग उजळ रंगासाठी L1 आणि गडद रंगासाठी L2 घेऊन

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

असा भागाकार. काळ्यावर पांढरं म्हणजे कमाल, २१.

स्लाइडची मूळ फाइल हाताशी असेल, तर रंगांचे क्रमांक तिच्यातच मिळतात. पण स्लाइड चित्र होऊन आली, की अक्षर कुठलं आणि पार्श्वभूमी कुठली, हे पिक्सेलांच्या गर्दीतून शोधावं लागतं. त्यासाठी तपासणीचा प्रोग्राम आधी ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने, प्रत्येक शब्दाभोवती चौकट आखतो. मग चौकटीतले पिक्सेल रंगानुसार दोन गटांत वाटतो. बहुधा मोठा गट पार्श्वभूमीचा आणि लहान गट अक्षरांचा.

इथे पहिली मेख आहे. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून संगणक तिथे दोन्ही रंगांची सरमिसळ करतो. बारीक अक्षरात तर सगळी रेघच कडेची असते. पांढऱ्यावरचा #767676 हा करडा रंग ४.५४ मिळवून काठावर पास होतो. पण बारीक अक्षरांत सर्वांत गडद पिक्सेलसुद्धा #8A8A8A इतकाच निघाला, तर आकडा ३.४५ येतो आणि पास असलेला मजकूर नापास ठरतो. निकषांना मूळ रंग अभिप्रेत आहे, कडेची भेसळ नाही. म्हणून अक्षरांच्या गटाची सरासरी घेऊ नये. रेघेच्या गाभ्यातले पिक्सेल घ्यावेत, आणि गाभाच सापडत नसेल तर निकाल न देता तो शब्द माणसाकडे सोपवावा.

दुसरी अडचण रंग बदलत जाणाऱ्या पार्श्वभूमीची. समजा, पांढरं शीर्षक डावीकडे गडद निळ्या #1F4E79 वर सुरू होतं आणि उजवीकडे फिकट #BDD7EE वर संपतं. डाव्या टोकाला कॉन्ट्रास्ट ८.६६, उजव्या टोकाला १.४९. दोन्ही टोकांची सरासरी ५ च्या वर, म्हणजे कागदोपत्री पास. प्रत्यक्षात मात्र शेवटचे शब्द आकाशात विरलेले! मोजणी शब्दाशब्दाला करायची आणि सर्वांत वाईट आकडा धरायचा, हाच उपाय.

‘मोठी अक्षरं’ ठरवतानाही मराठीत गफलत होते. मोठं म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४. १३.३३ इंच रुंदीची स्लाइड १९२० पिक्सेलांत उतरवली, तर १८ पॉइंट म्हणजे ३६ पिक्सेल. पण चौकटीच्या उंचीलाच अक्षराचा आकार मानलं, तर ‘पूर्ती’ हा शब्द वर रफार-वेलांटी आणि खाली ऊकार असल्यामुळे शेजारच्या ‘काम’पेक्षा मोठा ठरतो. मग एकाच ओळीतल्या एका शब्दाला ३ चा सौम्य निकष आणि दुसऱ्याला ४.५ चा. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजून तिच्यावरून आकार काढणं बरं.

मला सर्वांत खटकते ती गोष्ट वेगळीच. ओसीआरलाही वाचायला कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर पिवळं लिहिलं, तर कॉन्ट्रास्ट १.०७. असा मजकूर त्याच्या नजरेतून सहज सुटतो. चौकट नाही, म्हणून मोजणी नाही, म्हणून तक्रारही नाही. सगळ्यात वाईट स्लाइडचा अहवाल सगळ्यात स्वच्छ! हे पकडायचं, तर चित्राच्या छोट्या छोट्या तुकड्यांतला कॉन्ट्रास्ट कृत्रिमरीत्या ताणून ओसीआर पुन्हा चालवायचा. चौकट ताणलेल्या चित्रातून घ्यायची, रंग मात्र मूळ चित्रातले मोजायचे. मूळ फाइल असेल, तर तिच्यातले शब्द आणि ओसीआरला सापडलेले शब्द ताडून पाहायचे. जे गायब असतील, त्यांच्याकडे आधी बघायचं.

एवढं करूनही मोजलं जातं ते फाइलमधलं चित्र, सभागृहातला पडदा नव्हे. सूत्रातले ०.०५ हे पडद्यावर पडणाऱ्या आजूबाजूच्या उजेडासाठी धरलेले असतात. दिवे लावलेल्या सभागृहात प्रोजेक्टरच्या पडद्यावर तो उजेड ०.२ इतका धरला, तर ४.५४ ने पास झालेला करडा ३.१५ वर येतो. ७ ची कडक ‘एएए’ पातळी गाठणारा #595959 सुद्धा ४ वर घसरतो. तेव्हा प्रोग्रामने हिरवा कंदील दाखवला, तरी पडद्यासमोरचे दिवे तेवढे मालवायला सांगा.